जास्तीत जास्त ७० म्हणजे ७० चालतात का? रेघेच्या चिन्हाची सगळी गोष्ट

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. मागच्या वर्षी तासगावकडून येणाऱ्या एका मुलीनं एक उदाहरण सोडवलं. रीत अगदी स्वच्छ होती, उत्तर मात्र एकानं चुकलं. उदाहरण मीच त्यांच्या ओळखीचं घातलं होतं. बेदाण्याचा एक बॉक्स १५ किलोचा. पिकअप गाडीच्या हौद्यात जास्तीत जास्त १२०० किलो वजन चालतं. दोन हमाल, ताडपत्री आणि दोर मिळून १५० किलो. तर एका खेपेत जास्तीत जास्त किती बॉक्स जातील?

तिनं लिहिलं, १५n + १५० < १२००. म्हणून १५n < १०५०. म्हणून n < ७०. उत्तर, ६९ बॉक्स.

मी विचारलं, ७० का नाही? ती म्हणाली, "मॅडम, बाराशेच्या वर जायचं नाही ना? मग त्याच्या आतच राहायला पाहिजे. आमचे पप्पापण गाडी भरताना थोडी जागा ठेवतात."

तिच्या वडिलांचं बरोबरच आहे. काटा थोडा इकडेतिकडे होतो, रस्ता खराब असतो, म्हणून जाणता माणूस दहा-वीस किलो हातचे राखूनच माल भरतो. पण ती त्यांची खबरदारी झाली. नियमात ती लिहिलेली नाही. नियम १२०० ला मनाई करत नाही, १२०० च्या वरच्या वजनाला करतो. ७० बॉक्सचे १०५० आणि वरचे १५० मिळून बरोबर १२०० होतात आणि नियमाप्रमाणे ही गाडी सुटते. खबरदारी आणि नियम एकमेकांत मिसळले की चिन्हाखालची रेघ गळते. इतक्या वर्षांत या धड्यात मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक हीच.

शब्दातच उत्तर आहे

"जास्तीत जास्त" हा शब्द नीट फोडून बघा. उंचात उंच, चांगल्यात चांगला, तसाच हा शब्द घडला आहे. गावातला उंचात उंच माणूस कोण, असं विचारलं तर तो माणूस त्याच गावातला असायला हवा. शेजारच्या गावातला माणूस कितीही उंच असला तरी तो या प्रश्नाचं उत्तर होत नाही. तसंच "जास्तीत जास्त १२०० किलो" म्हणताना आपण असं म्हणतो, की चालणारी जेवढी वजनं आहेत, त्यांतलं सर्वांत मोठं १२०० आहे. "चालणाऱ्यांतलं मोठं" म्हणजे ते स्वतः चालणाऱ्यांपैकी एक आहे. बरोबरी वरून चिकटवलेली नाही, ती शब्दाच्या पोटातच आहे.

हे पटत नसेल तर उलटं करून बघा. समजा, १२०० चालतच नाही, त्याच्या आतलंच वजन चालतं. मग चालणाऱ्यांतलं सर्वांत मोठं कोणतं? ११९९ म्हणाल, तर ११९९.५ त्याहून मोठं आहे आणि तेही चालतं. ११९९.५ म्हणाल, तर ११९९.९ आहे. तुम्ही कोणतंही वजन सांगा, त्याच्या आणि १२०० च्या बरोबर मधलं वजन मी दाखवीन. ते तुमच्यापेक्षा मोठं असेल आणि १२०० च्या आतही असेल. म्हणजे १२०० वगळलं तर "जास्तीत जास्त" असं काही उरतच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी रेखीय नियोजनात तोच पुन्हा भेटणार आहे.

दुसरी वाट नकाराची. "जास्तीत जास्त १२००" म्हणजे "१२०० पेक्षा जास्त नाही". कोणतंही वजन घेतलं तरी १२०० शी त्याचं नातं तीनच प्रकारचं असू शकतं. ते कमी असेल, बरोबर असेल किंवा जास्त असेल. त्यातलं "जास्त" तेवढं आपण खोडलं. मागे दोन उरले, कमी आणि बरोबर. या दोघांना एकत्र लिहायचं चिन्ह म्हणजे ≤. म्हणून "जास्त नाही" आणि "कमी" हे समान अर्थाचे नाहीत. मुलं ते समान मानतात आणि बरोबरीचं घर हरवून बसतात.

"कमीत कमी"चंही असंच, फक्त दिशा उलटी. याची खूणगाठ मराठीत तयारच आहे, ती म्हणजे काठावर पास. उत्तीर्ण व्हायला कमीत कमी ३५ गुण लागतात आणि बरोबर ३५ मिळाले तर घरी पेढे येतात. काठावर पास झालेल्याला कोणी नापास म्हणत नाही. म्हणजे गुण ≥ ३५. राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमातही मतदारासाठी "१८ वर्षांपेक्षा कमी नाही" अशीच नकाराची भाषा आहे. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीनं तिथला आकडा २१ वरून १८ वर आणला, "कमी नाही" तसंच राहिलं. ज्याला ठरलेल्या दिवशी १८ पूर्ण झाली, तो बसतो.

पहिली पायरी: टोकावर उभं राहा

वाक्याचं चिन्ह करताना शब्दांची यादी पाठ करू नका. यादीबाहेरचा शब्द आला की मुलं गडबडतात. त्याऐवजी टोकाची संख्या घ्या, ती वाक्यात ठेवा आणि वाक्य लिहिणाऱ्यालाच मनात विचारा, "हे चालेल का?" हो आलं तर रेघेचं चिन्ह, नाही आलं तर बिनरेघेचं. दिशा कोणती, हे यानंतर ठरवा. दिशेत सहसा कोणी चुकत नाही, चुका रेघेत होतात.

सांगलीकरांना आयर्विन पूल वेगळा सांगायला नको. पावसाळ्यात सगळं शहर त्या पुलाखालचे आकडे ऐकत असतं. कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. आता दोन वाक्यं बघा. "पाण्यानं ४५ फूट ओलांडले" आणि "पाणी ४५ फुटांवर पोहोचलं". पाणी बरोबर ४५ च्या खुणेवर टेकलेलं आहे, असं डोळ्यापुढे आणा. पहिलं वाक्य तेव्हा खोटं आहे, ओलांडलेलं नाही. दुसरं खरं आहे. म्हणून पहिल्याचं चिन्ह h > ४५, दुसऱ्याचं h ≥ ४५. आता दोन्हींना नकार लावा. "४५ ओलांडू नये" याचं h ≤ ४५ होतं आणि "४५ ला पोहोचू नये" याचं h < ४५. बिनरेघेच्या वाक्याचा नकार रेघेचा झाला, रेघेच्या वाक्याचा बिनरेघेचा. असं नेहमीच होतं, कारण टोकाची संख्या एका बाजूला नसेल तर ती दुसऱ्या बाजूला जाणारच. तिला राहायला तिसरी जागा नाही.

"पर्यंत" हा शब्द बहुतेक वेळा टोक घेतो. पान १२ पासून ३० पर्यंत वाचा म्हटलं की ३० वं पानही वाचायचं असतं. "च्या आत" मात्र घरच्या बोलण्यात सैल वापरला जातो. पाचशेच्या आत मिळालं तर घे, असं सांगितल्यावर बरोबर पाचशेला मिळालेली वस्तू बहुतेक जण घेऊन येतात. गणिताच्या प्रश्नात मात्र "च्या आत" आणि "पेक्षा कमी" यांना बिनरेघेचंच चिन्ह लावा. प्रश्न स्वतः काढत असाल, तर "च्या आत" टाळून "पेक्षा कमी" किंवा "जास्तीत जास्त" यांतलं एक लिहा. मुलांना अंदाज बांधायला लावू नये.

दुसरी पायरी: रेघ सांभाळत खाली या

चिन्ह लिहिलं, आता सोडवायचं. दोन्ही बाजूंना तीच संख्या मिळवली, वजा केली किंवा दोन्ही बाजूंना धन संख्येनं गुणलं-भागलं तर चिन्ह जसंच्या तसं राहतं. इथे सहसा चूक होत नाही. चूक होते ती ऋण संख्येनं भागताना. दिशा उलटायची, एवढं मुलांच्या डोक्यात पक्कं असतं आणि त्या घाईत ती रेघही उलटून टाकतात.

एक टाकी घ्या. तिच्यात ५००० लिटर पाणी आहे. ठिबकसाठी तासाला ४०० लिटर जातं. टाकीत कमीत कमी ६०० लिटर शिल्लक राहायला पाहिजे. मोटार किती तास चालवता येईल?

५००० − ४००t ≥ ६००
−४००t ≥ −४४००
t ≤ ११

शेवटच्या ओळीत ≥ चं ≤ झालं, पण रेघ जागेवर आहे. बरीच मुलं इथे t < ११ लिहितात. त्यांच्या मनात "उलट करायचं" म्हणजे ≥ च्या जागी < असं बसलेलं असतं. वर पाण्याच्या पातळीत आपण ≥ चं < केलं होतं, तो नकार होता. ऋण संख्येनं भागणं म्हणजे नकार नव्हे. त्यात फक्त मोठ्या-लहानाची अदलाबदल होते. ५ हा ३ पेक्षा मोठा, पण −५ हा −३ पेक्षा लहान. बरोबरीला याचा काही फरक पडत नाही. दोन समान संख्यांना −१ नं गुणलं तरी त्या समानच राहतात. म्हणून दिशा बदलते आणि रेघ तशीच राहते.

पडताळा लगेच घ्या. t = ११ ठेवलं तर ५००० − ४४०० = ६००. कमीत कमी ६०० हवे होते, ६०० आहेत. काठावर पास. ११ उत्तरात आहे.

तिसरी पायरी: उत्तर खरोखर बदलतं का ते बघा

मुलं विचारतात, एवढ्याशा रेघेनं फरक किती पडणार? कधी काहीच नाही, कधी बराच. कधी काय होईल, हे आधीच ओळखता येतं.

बॉक्सच्या उदाहरणात टोक बरोबर ७० वर आलं. बॉक्स पूर्ण संख्येतच मोजतात आणि ७० ही पूर्ण संख्या आहे. म्हणून रेघ असली तर ७०, नसली तर ६९. आता गाडीची मर्यादा १२०० ऐवजी १२१० करा. १५n ≤ १०६०, म्हणजे n ≤ ७०.६६… येतं. इथे ≤ लिहा नाहीतर <, उत्तर ७० च. ७०.६६ बॉक्स कधी नसतातच, त्यामुळे ते टोक घेतलं काय आणि सोडलं काय, सारखंच. पूर्ण संख्यांच्या उदाहरणात टोक पूर्ण संख्येवर पडलं तरच रेघ उत्तर बदलते.

याचं एक खरं उदाहरण राज्यांच्या मंत्रिमंडळात सापडतं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार राज्यातल्या मंत्र्यांची संख्या, मुख्यमंत्री धरून, विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून अधिक असू नये. महाराष्ट्रात २८८ जागा. त्याचे १५ टक्के ४३.२. म्हणून ४३ मंत्री. इथे कायद्यात "अधिक असू नये" ऐवजी "१५ टक्क्यांपेक्षा कमी असावी" असं असतं तरी उत्तर ४३ च आलं असतं. आता राजस्थान घ्या. तिथे २०० जागा, १५ टक्के म्हणजे बरोबर ३०. "अधिक असू नये" असल्यामुळे तिथे ३० मंत्री होऊ शकतात. "पेक्षा कमी" असतं तर २९ वर थांबावं लागलं असतं. कायदा एकच, पण आपल्याकडे रेघेला काम नाही आणि तिथे एक मंत्रिपद तिच्यावर टिकून आहे. (छोट्या राज्यांसाठी कमीत कमी १२ मंत्र्यांची वेगळी सोय त्याच दुरुस्तीत आहे.)

एक सोयीची युक्ती आहे, पण ती कुठे चालते ते समजून वापरा. पूर्ण संख्यांत n < ७० आणि n ≤ ६९ एकच. ही अदलाबदल बिनधास्त करा. मात्र वजन, वेळ, लांबी, पातळी यांना ती लावू नका. वजन १२०० पेक्षा कमी म्हणजे वजन जास्तीत जास्त ११९९ असं नव्हे. ११९९.४ किलो कुठे गेलं मग?

रेघेची चूक पुढे कशी वाढत जाते, तेही बघा. समजा, ९८० बॉक्स पोहोचवायचे आहेत. खेपेला ७० नेले तर ७०k ≥ ९८०, k ≥ १४, म्हणजे १४ खेपा. पहिल्याच ओळीत रेघ विसरून ६९ धरले तर ९८० ला ६९ नं भागून १४.२ येतात आणि १५ खेपा कराव्या लागतात. पंधराव्या खेपेत गाडीत फक्त १४ बॉक्स. इथे आणखी एक गोष्ट आली. "कमीत कमी"च्या बाजूला अपूर्णांक आला तर वरची पूर्ण संख्या घ्यायची, १४.२ च्या १५ खेपा. "जास्तीत जास्त"च्या बाजूला खालची, ७०.६६ चे ७० बॉक्स. जवळची संख्या कोणती, हा प्रश्नच इथे येत नाही.

उत्तरात एकूण किती संख्या आहेत असं विचारलं, तर दोन्ही टोकं पाहावी लागतात. १२ पासून ३० पर्यंत पानं किती? ३० − १२ = १८ नव्हे, १९, कारण दोन्ही टोकं आत आहेत. एकच टोक आत असेल तर नुसती वजाबाकी पुरते. दोन्ही बाहेर असतील तर तिच्यातून आणखी एक वजा करायचा.

रेघ असूनही टोक बाहेर राहतं तेव्हा

आता थोडं अवघड, पण अकरावीला आणि प्रवेश परीक्षांना नेमकं हेच विचारतात.

(x − ३)/(x + २) ≤ ०

अंश शून्य होतो x = ३ ला, छेद शून्य होतो x = −२ ला. संख्यारेषेवर ही दोन ठिकाणं मांडली की तीन भाग पडतात. प्रत्येक भागातली एक संख्या ठेवून बघा. x = −३ ला −६ भागिले −१, म्हणजे ६, धन. x = ० ला −३/२, ऋण. x = ४ ला १/६, धन. आपल्याला ऋण किंवा शून्य हवं, म्हणून मधला भाग घ्यायचा. इथवर सगळे येतात. मग रेघ आहे म्हणून दोन्ही टोकं घेऊन −२ ≤ x ≤ ३ असं लिहितात, आणि गुण जातात.

प्रत्येक टोकावर वेगळं उभं राहून विचारा. x = ३ ला ०/५ = ०, आणि ० ≤ ० खरं आहे. ३ आत. x = −२ ला −५/०. याला किंमतच नाही. जी गोष्ट अस्तित्वात नाही ती शून्यापेक्षा कमी नाही आणि शून्याएवढीही नाही. −२ बाहेर. उत्तर, −२ < x ≤ ३. रेषेवर ३ ला भरीव टिंब, −२ ला पोकळ. छेद शून्य करणारी संख्या कधीच उत्तरात येत नाही. एरवी मूळ चिन्ह बिनरेघेचं असतं तर ३ सुद्धा गेला असता आणि उत्तर −२ < x < ३ झालं असतं.

याच्या उलटही घडतं, आणि मला ते फार आवडतं. (x − २)²(x − ५) ≥ ० घ्या. वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून गुणाकाराचं चिन्ह (x − ५) ठरवतो आणि x ≥ ५ हे उत्तर सुचतं. पण x = २ ठेवून बघा. ० गुणिले −३ म्हणजे ०, आणि ० ≥ ० खरं. म्हणजे ५ च्या पुढच्या सगळ्या संख्या आणि त्यांच्यापासून दूर एकटा २, असं उत्तर. रेषेवर २ वर एकच भरीव टिंब, त्याच्या दोन्ही बाजूंना काही नाही. आता रेघ काढून > लिहा. २ नाहीसा होतो, ५ ही जातो, फक्त x > ५ उरतं. रेघेनं इथे टोकच नव्हे, वेगळं पडलेलं एक उत्तर धरून ठेवलं होतं. म्हणून वर्ग दिसला की तो शून्य करणारी संख्या हातानं ठेवून बघा. चिन्हांचा तक्ता करताना ती नजरेतून सहज निसटते.

संभाव्यतेतली चूक

चार नाणी एकदम उडवली. जास्तीत जास्त तीन छापे पडण्याची संभाव्यता किती? एकूण १६ शक्यता. छापे ०, १, २, ३, ४ पडण्याच्या वाटा अनुक्रमे १, ४, ६, ४, १. जास्तीत जास्त तीन म्हणजे ०, १, २ आणि ३. १ + ४ + ६ + ४ = १५, उत्तर १५/१६. "तीनपेक्षा कमी" असतं तर शेवटचे ४ गेले असते आणि ११/१६ आलं असतं.

बेरीज टाळायची म्हणून मुलं उलट बाजूनं जातात, आणि ते शहाणपणाचंच आहे. पण "जास्तीत जास्त तीन"ची उलट बाजू "कमीत कमी तीन" समजतात. कमीत कमी तीनची संभाव्यता ५/१६, ती १ मधून वजा केली की ११/१६. आलेला आकडा ओळखीचा वाटला ना? तो "तीनपेक्षा कमी"चा आहे. तीन छाप्यांची शक्यता दोन्ही वाक्यांत बसते, म्हणून ती वजाबाकीत निघून गेली. खरी उलट बाजू "तीनपेक्षा जास्त" ही आहे, म्हणजे फक्त चार छापे, १/१६. १ − १/१६ = १५/१६. नकार केला की रेघ बदलते, हे पुलाखाली पाहिलं होतं तेच इथे. चूक झाली का ते पाहायचं असेल, तर टोकाची संख्या दोन्ही वाक्यांत ठेवा. दोन्हींत खरी ठरली किंवा दोन्हींत खोटी ठरली, तर ती वाक्यं एकमेकांची उलट नाहीत.

उंची, वेळ, वजन अशा सलग बदलणाऱ्या राशींच्या संभाव्यतेत मात्र ≤ आणि < नं उत्तर बदलत नाही, कारण बरोबर एका बिंदूवर पडण्याची संभाव्यता शून्य धरली जाते. उत्तरसंचात टोक असेल की नसेल हा फरक राहतो, संभाव्यतेचा आकडा तेवढा एक येतो.

रेखीय नियोजनात सगळ्या अटी रेघेच्याच का?

बारावीला रेखीय नियोजन शिकताना एका मुलानं विचारलं होतं, इथे कधीच < का येत नाही? प्रश्न लाखमोलाचा होता. बेदाण्याऐवजी सुटी हळद पावडर घ्या, म्हणजे वजन हवं तेवढं बारीक घेता येईल. किलोमागे २० रुपये नफा धरा. गाडीत w किलो माल जातो आणि w ≤ १२००. जास्तीत जास्त नफा १२०० × २० = २४००० रुपये.

आता अट w < १२०० करा. नफा २४००० च्या हवा तेवढा जवळ नेता येतो. ११९९ किलोला २३९८० रुपये, ११९९.९ ला २३९९८. पण २४००० कधीच मिळत नाही, आणि त्याच्या खालच्या कोणत्याही नफ्याहून थोडा मोठा नफा मिळतोच. म्हणजे "जास्तीत जास्त नफा किती" या प्रश्नाला उत्तरच उरत नाही. सुरुवातीला ११९९, ११९९.५, ११९९.९ असे जात होतो, ती हीच गोष्ट.

आलेखावरही हे दिसतं. रेघेच्या अटीची सीमा सलग रेघेनं काढतात, बिनरेघेची तुटक रेघेनं. महत्तम किंमत आपण शिरोबिंदूंवर शोधतो आणि शिरोबिंदू दोन सीमा छेदतात तिथे असतो. त्यातली एक जरी सीमा तुटक असली, तरी तो बिंदू क्षेत्राच्या बाहेर पडतो. मग त्याचे निर्देशक घालून आलेली किंमत कोणालाही प्रत्यक्षात मिळणारी नसते. म्हणून उत्तरपत्रिकेत सीमा काढताना पेन्सिल उचलू नका. अट "जास्तीत जास्त" असेल तर रेघ सलग काढा, छायांकन तिला टेकवा आणि शिरोबिंदूवर भरीव टिंब द्या.

तासगावच्या त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात तेच उदाहरण थोडं बदलून दिलं. मर्यादा १२०० ऐवजी ११९५ केली. तिनं १५n ≤ १०४५ लिहिलं, n ≤ ६९.६६ आणलं आणि ६९ वर गोल केलं. मग शेजारी आपणहून एक ओळ लिहिली: "इथे रेघ नसती तरी ६९ च."